शून्यं जास्त दिसली की झिप लावायचं का? बडोद्यातल्या गाड्यांच्या क्लेमचा एक हिशेब

प्रश्न: सर, मी बडोद्यात एका विमा ब्रोकरकडे डेटाचं काम करते. खाजगी गाड्यांच्या १०,००० पॉलिसी आहेत. वर्षभरात ९,१२० जणांचा एकही क्लेम नाही, ७४० जणांचा एक, ११० जणांचे दोन, २४ जणांचे तीन आणि ६ जणांचे चार. शून्यं इतकी म्हणून मी झिरो-इन्फ्लेटेड प्वासाँ, म्हणजे झिप, लावलं. शून्यं तंतोतंत बसली, वुआंग टेस्टसुद्धा त्याच्याच बाजूने आली. आमचे वरिष्ठ म्हणतात, साधं निगेटिव्ह बायनोमियल पुरे. कुणाचं बरोबर?

उत्तर: वरिष्ठांचं. पण ते का बरोबर आहेत हे तुमच्याच आकड्यांवरून पाहू, कारण हा निकाल शून्यांकडे बघून लागत नाही. तो एक, दोन आणि तीन क्लेम करणाऱ्या मोजक्या लोकांकडे बघून लागतो. सगळ्या पॉलिसी वर्षभर चालू होत्या असं तूर्त धरतो.

तुमचे एकूण क्लेम झाले १,०५६. म्हणजे दर पॉलिसीमागे ०.१०५६. आता साध्या प्वासाँला विचारा की सरासरी एवढीच असेल तर शून्यं किती यायला हवीत. उत्तर `exp(-0.1056)`, म्हणजे ०.८९९८. दहा हजारांत ८,९९८. म्हणजे ज्या ९,१२० शून्यांना तुम्ही बिचकलात, त्यांतली ८,९९८ अगदी साध्या मॉडेललाही अपेक्षितच होती. वर्षाला दहा गाड्यांमागे जेमतेम एक क्लेम येत असेल तर बहुतेकांच्या नावापुढे शून्य असणारच. खरोखर ‘जादा’ शून्यं १२२ आहेत. "नव्वद टक्के शून्यं आहेत" हे वाक्य एकट्याने काहीच सांगत नाही. किती अपेक्षित होती, हे शेजारी लिहिल्याशिवाय ते वाक्य अर्धवट राहतं.

आता तिन्ही मॉडेल शेजारी मांडून बघा. यात वय, गाडीचा प्रकार वगैरे काही घातलेलं नाही, फक्त तुमची वरची मोजणी आहे.

| क्लेम | प्रत्यक्ष | प्वासाँ | झिप | निगेटिव्ह बायनोमियल |
|---|---|---|---|---|
| ० | ९,१२० | ८,९९८ | ९,१२० | ९,१२० |
| १ | ७४० | ९५० | ७२५ | ७३७ |
| २ | ११० | ५० | १३६ | ११६ |
| ३ | २४ | २ | १७ | २१ |
| ४ किंवा जास्त | ६ | ० | २ | ५ |

पहिल्या ओळीत झिप तंतोतंत बसलेलं दिसतं. त्याचा आनंद मानू नका. झिपमध्ये एक स्वतंत्र आकडा फक्त शून्यांसाठी राखून ठेवलेला असतो, त्यामुळे शून्यं जादा असली की अशा साध्या मांडणीत ती ओळ जुळणारच, बाकी डेटा कसाही असो. खरी परीक्षा खालच्या ओळींची. तिथे झिपने दोन क्लेमवाले जास्त धरले आणि तीन-चारवाले कमी. निगेटिव्ह बायनोमियलला शून्यांसाठी वेगळी सोय नाही, तरी त्याची शून्यं जुळली आणि शेपूटही जुळली. दोघांकडे आकडे दोनच, तरी एआयसी निगेटिव्ह बायनोमियलच्या बाजूने सुमारे १२ ने कमी येतो.

प्वासाँच्या रकान्यातही एक खूण आहे. तो शून्यांत कमी पडला, पण तीन क्लेमच्या ओळीतही कमी पडला: २४ च्या जागी २. शून्यं जादा आणि शेपूटही जादा, असं दोन्हीकडे एकदम दिसलं, की बहुतेक वेळा ग्राहक एकसारखे नाहीत एवढाच त्याचा अर्थ असतो. कुणी रोज मकरपुरा जीआयडीसीला गाडी घेऊन जातो, कुणाची गाडी रविवारी सयाजीबागेपर्यंत जाते आणि परत झाकून ठेवली जाते. प्रत्येकाचा दर वेगळा, म्हणून कमी दरवाले शून्यांत भर घालतात आणि जास्त दरवाले शेपटीत. निगेटिव्ह बायनोमियल म्हणजे हेच: प्रत्येकाचा स्वतःचा प्वासाँ, आणि त्यांचे दर गॅमा वितरणाने पसरलेले. ग्रीनवूड आणि यूल यांनी १९२० साली तोफगोळ्यांच्या कारखान्यांतल्या कामगार स्त्रियांच्या अपघातांसाठी हीच मांडणी वापरली होती. अपघातांची मोजणी हे या मॉडेलचं माहेरच आहे.

आता झिप काय म्हणतंय ते शब्दांत वाचा. तुमच्या आकड्यांवर त्याचे दोन अंदाज येतात: ‘कधीच क्लेम न करणारे’ ७२ टक्के, आणि उरलेल्या २८ टक्क्यांचा दर वर्षाला ०.३७६. म्हणजे दहांतल्या सात गाड्यांना अपघात होणं शक्यच नाही. अलकापुरीतल्या कुठल्याही सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलात तर हे खरं वाटणार नाही. डायन लॅम्बर्ट यांनी १९९२ मध्ये झिपला प्रसिद्धी दिली ती सर्किट बोर्डांवरच्या सोल्डरिंगच्या दोषांसाठी. तिथे यंत्र नीट लागलेलं असलं की दोष जवळजवळ येतच नाहीत, आणि बिघडलं की येतात. दोन अवस्था खरंच आहेत. गाडीवाल्यांत अशा दोन जाती कोणत्या, हे तुम्हाला बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते ७२ टक्के म्हणजे लोकांमधल्या फरकाला मॉडेलने दिलेलं चुकीचं नाव आहे.

वुआंग टेस्टचं एवढंच. ती तुम्ही बहुधा झिप आणि साधा प्वासाँ यांच्यात लावली असेल, आणि साध्या प्वासाँला इथे कुणीही हरवेल. त्यापलीकडे, झिपमधला शून्याचा वाटा शून्यावर नेला की प्वासाँच उरतो, म्हणजे एक मॉडेल दुसऱ्याच्या पोटात आहे. अशा जोडीसाठी ती टेस्ट या रूपात चालत नाही. विल्सन यांनी २०१५ मध्ये नेमका हाच गैरवापर दाखवून दिला. तो निकाल अहवालातून काढून टाका.

मग खात्री कशी करायची? माझा सगळ्यात आवडता मार्ग पुढच्या वर्षाचा आहे, आणि ब्रोकरकडे तो डेटा असतोच, कारण तेच ग्राहक नूतनीकरणाला येतात.

झिपच्या म्हणण्यानुसार जोखमीचे लोक सगळे एकाच दराचे. एकदा क्लेम केला की माणूस २८ टक्क्यांच्या गटातला हे पक्कं झालं. नंतर त्याने दुसरा केला की तिसरा, त्याने काही फरक पडत नाही: पुढच्या वर्षी सगळ्यांचा दर ०.३७६. निगेटिव्ह बायनोमियलमध्ये प्रत्येक क्लेम माणसाबद्दल आणखी काही सांगतो. तिथला हिशेब सोपा आहे. पसरणीचा आकडा `k` तुमच्या डेटात ०.३४३७ येतो, सरासरी `m` ०.१०५६. एका वर्षात `n` क्लेम केलेल्याचा पुढच्या वर्षीचा अपेक्षित दर असा:

```
(k + n) / (k/m + 1)
```

खालचा भाग ४.२५ होतो. शून्यवाल्याचा दर ०.०८१, एकवाल्याचा ०.३१६, दोनवाल्याचा ०.५५. आता गट करून पाहा. दोन किंवा जास्त क्लेमवाले तुमच्याकडे १४० जण आहेत आणि त्यांचे मिळून क्लेम ३१६. ते सगळे पुढच्या वर्षी टिकले असं धरलं, तर निगेटिव्ह बायनोमियल त्यांच्याकडून सुमारे ८६ क्लेम अपेक्षित धरतं आणि झिप ५३. एक क्लेमवाल्या ७४० जणांकडून निगेटिव्ह बायनोमियलला २३४ हवेत आणि झिपला २७९. शून्यवाल्यांकडून ७३७ आणि ७२५, म्हणजे तिथे दोघंही जवळजवळ एकच बोलतात. बेरीज दोन्हीकडे १,०५७. एकूण क्लेम किती येणार यावर त्यांचं भांडणच नाही. भांडण आहे ते कोणाकडून येणार यावर, आणि प्रीमियम ठरवायचा तर तेच महत्त्वाचं. ५३ च्या अपेक्षेवर नशिबाने होणारी चढउतार सात-आठची असते, त्यामुळे ८६ आणि ५३ यांतलं अंतर लपून राहणार नाही. जे ग्राहक सोडून गेले ते वगळून, उरलेल्यांवर हाच भागाकार करा. तीनवाल्यांचा वेगळा गट मात्र करू नका, २४ जणांवरून काही ठरवता येत नाही.

या तपासणीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील, आणि दोन्ही आपल्याकडच्या आहेत.

पहिली, नो क्लेम बोनस. ओन डॅमेजच्या प्रीमियमवर एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के सवलत, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर. समजा एखाद्याचा पूर्ण प्रीमियम १०,००० आणि तो ५० टक्क्यांवर आहे. मांडवीच्या गर्दीत कुणीतरी दार घासलं, गॅरेजवाला ४,००० सांगतो. क्लेम केला तर पुढच्या वर्षी ५,००० जास्त भरायचे. तो माणूस पैसे खिशातून देतो आणि तुमच्या डेटात शून्य नोंदवलं जातं. अनेक जण म्हणतात, हाच झिपचा पुरावा. नीट पाहा. प्रत्येक अपघातात ‘सांगावं की नाही’ हा निर्णय सारखाच असता, तर प्वासाँमधून काही क्लेम गाळल्यावरही प्वासाँच उरतो, फक्त सरासरी कमी होते. जादा शून्यं त्यातून येत नाहीत. पण इथे निर्णय सारखा नाही. पहिल्या क्लेमने बोनस गेला की त्याच वर्षीच्या दुसऱ्या ओरखड्याला गमावण्यासारखं काही उरत नाही. म्हणजे शून्यावरून एकावर जाणं जड आणि एकावरून दोनवर जाणं हलकं. याला खरं शोभणारं मॉडेल झिप नसून हर्डल आहे: आधी उंबरठा ओलांडला की नाही याचा एक भाग, मग ओलांडलेल्यांच्या मोजणीचा वेगळा भाग. मुलाही यांनी १९८६ मध्ये ते मांडलं, आणि R च्या `pscl` पॅकेजमध्ये ते `hurdle()` नावाने मिळतं. हर्डलमध्ये ‘कधीच क्लेम न करणारा माणूस’ असं कुणी मानावं लागत नाही, म्हणून मला विम्यात ते जास्त प्रामाणिक वाटतं.

बोनसमुळे वरच्या तपासणीतले शून्यवाले आणि क्लेमवाले पुढच्या वर्षी सारख्या परिस्थितीत नसतात, एकाचा बोनस शाबूत आणि दुसऱ्याचा गेलेला. पण एकवाला आणि दोनवाला, दोघांचाही गेलेला आहे. (बोनस प्रोटेक्टचं ॲड-ऑन घेतलेले वेगळे काढा.) म्हणून तुलना याच दोन गटांची करा. झिप म्हणतं, दोघांचा दर सारखा. निगेटिव्ह बायनोमियल म्हणतं, दोन किंवा जास्तवाल्यांचा दर जवळपास दुप्पट.

दुसरी, पूर. तुमच्या वर्षात २०२४ चा ऑगस्ट येत असेल, तर विश्वामित्रीच्या पाण्यातले क्लेम तारीख आणि कारण बघून बाजूला काढा. समा, फतेहगंज, अकोटा या भागांत तळघरात उभ्या असलेल्या गाडीचा क्लेम मालकाच्या गाडी चालवण्याबद्दल काही सांगत नाही. शिवाय एका पुरात एका गाडीचा सहसा एकच क्लेम येतो, म्हणून असे लोक ‘एक’च्या ओळीत साठतात आणि पुढच्या वर्षी शांत असतात. ते मिसळलेले राहिले तर एकवाल्यांचा दर उगाच खाली येईल आणि निगेटिव्ह बायनोमियल त्याच्या लायकीपेक्षा जास्त शोभून दिसेल.

आता ते सुरुवातीला धरलेलं: सगळ्या पॉलिसी वर्षभर चालू होत्या. प्रत्यक्षात तसं नसतं. फेब्रुवारीत घेतलेली पॉलिसी मार्चअखेरच्या डेटात दोनच महिन्यांची असते. तिच्याकडून वर्षाचे क्लेम अपेक्षित धरणं चूक आहे, म्हणून `log` घेतलेला काळ ऑफसेट म्हणून घालायचा. इतक्या कमी दरात एकूण शून्यांवर त्याचा परिणाम थोडाच होतो, पण गुणक मात्र बिघडतात. ऑफसेट विसरलात तर नवे ग्राहक फार सुरक्षित दिसतात, आणि झिप तर त्यांना थेट ‘कधीच क्लेम न करणारे’ ठरवून मोकळं होतं.

झिपसाठी त्याच पॅकेजमधलं `zeroinfl()` वापरताना यात एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात बरेच दिवस होतो. फॉर्म्युल्यात उभी रेघ दिली नाही तर तो सगळा फॉर्म्युला, ऑफसेटसकट, शून्यांच्या भागालाही लागू होतो. मग तिथल्या लॉजिटमध्ये काळ +१ च्या गुणकाने शिरतो. म्हणजे पॉलिसी जितकी जास्त काळ चालू, तितकी ‘कधीच क्लेम नाही’ची शक्यता जास्त, जे नेमकं उलटं आहे. रेघ देऊन दोन्ही भाग वेगळे लिहा आणि मग प्रत्येक मॉडेलला अपेक्षित शून्यं विचारा:

```r
nb  <- MASS::glm.nb(claims ~ age + zone + offset(log(yrs)), data = d)
zip <- pscl::zeroinfl(claims ~ age + zone + offset(log(yrs)) | age, data = d)

sum(dnbinom(0, mu = fitted(nb), size = nb$theta))
sum(predict(zip, type = "prob")[, 1])
sum(d$claims == 0)
```

ही बेरीज प्रत्येक ग्राहकाच्या स्वतःच्या अंदाजावरून होते, सरासरीवरून होत नाही. वय आणि भाग घातल्यावर साध्या प्वासाँचीसुद्धा अपेक्षित शून्यं वाढतात, कारण ग्राहकांमधला थोडा फरक आता त्यालाही कळलेला असतो. तुमच्या १२२ पैकी काही तिथेच संपतील.

झिप कधीच लावू नये असं मी म्हणत नाही. एका कंपनीच्या डेटावर मी झिरो-इन्फ्लेटेड निगेटिव्ह बायनोमियल लावलं होतं आणि शून्यांच्या भागात गाडीच्या वयाचा गुणक भलताच मोठा आला: दहा वर्षांपुढच्या गाड्या जवळजवळ ‘कधीच क्लेम नाही’. म्हाताऱ्या गाड्या इतक्या शहाण्या कशा, म्हणून मी त्या ओळी एकेक उघडून पाहिल्या. निम्म्याहून अधिक पॉलिसी नुसत्या थर्ड पार्टीच्या होत्या. कायद्याने लागते तेवढीच घेतलेली, ओन डॅमेजचं कव्हरच नाही, आणि मी मोजत होतो ओन डॅमेजचे क्लेम. ही खरी, रचनेतली शून्यं. मॉडेलने ती बरोबर पकडली होती, पण त्यावरचा इलाज मॉडेल नव्हता. त्या ओळी मोजणीत असायलाच नको होत्या. काढल्यावर तेच मॉडेल पुन्हा चालवलं, तर शून्यांच्या भागाचा इंटरसेप्ट उणे १४ आणि त्याची स्टँडर्ड एरर काही शेकड्यांत. असं दिसलं की समजायचं, शून्यांचा वाटा जवळपास शून्य आहे आणि मॉडेल त्या भागात नुसतं चाचपडतंय. उरलेला डेटा निगेटिव्ह बायनोमियलने निमूट उचलला.

म्हणून तुमच्या १०,००० मध्ये आधी पॉलिसीच्या प्रकाराचा रकाना बघा. थर्ड पार्टीवाल्या निघाल्या तर वरचे सगळे आकडे बदलतील, आणि तक्ता पुन्हा मांडावा लागेल. त्यानंतर पुराचे क्लेम वेगळे करा, ऑफसेट घाला, आणि नूतनीकरण झालेल्यांत एकवाले आणि दोन किंवा जास्तवाले यांचे पुढच्या वर्षीचे दर काढा. ते दोन दर आणि प्रत्येक गटात किती जण टिकले, एवढे चार आकडे मला कळवा. दोन्ही दर खरोखर सारखे निघाले तर वरिष्ठांशी मी स्वतः बोलेन.